मागणीपत्रकावरून मक्तेदाराची सीमांत प्राप्ती आणि महत्तम नफ्याचं उत्पादन कसं काढायचं

बारावीच्या किंवा बी.कॉम.च्या नोट्समध्ये मक्तेदारीचं गणित आलं की बहुतेकांना एक ओळ पाठ असते: सीमांत प्राप्ती बरोबर सीमांत खर्च. ओळ बरोबर आहे, तरी उत्तर चुकतं. कारण घोळ त्या ओळीत नसतो, तिच्या आधी भरलेल्या रकान्यांत असतो. कुणी भागाकार विसरतो, कुणी आकडा भलत्याच ओळीसमोर लिहितो, आणि शेवटपर्यंत नीट आलेला माणूस किंमत चुकीच्या रेषेवरून वाचतो. म्हणून इथे एकच पत्रक घेऊन ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवू.

उदाहरण असं. डोंगरातल्या एका वस्तीत पिण्याच्या पाण्याचा एकच आरओ प्लांट आहे. वीस लिटरचा जार तोच विकतो, दुसरा विक्रेता तिथवर पोचत नाही. आकडे गणितासाठी घेतलेले आहेत. नोट्समध्ये पत्रक असं दिलंय:

| जारची किंमत (रु.) | रोजची मागणी (जार) | एकूण खर्च (रु.) |
|---|---|---|
| २० | १२० | ३६०० |
| ३० | १०० | २८५० |
| ४० | ८० | २२०० |
| ५० | ६० | १६५० |
| ६० | ४० | १२०० |
| ७० | २० | ८५० |

पत्रकाखाली एक टीप आहे: रोजचा स्थिर खर्च ६०० रुपये. ही टीप नुसती वाचून पुढे जाऊ नका, टप्पा ४ मध्ये ती लागणार आहे.

## आधी तयारी: पेन उचलण्यापूर्वी काय बघायचं

पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक ग्राहकाला एकच किंमत लागते का, हे प्रश्नात बघा. पुढची सगळी रीत त्यावर उभी आहे. हॉटेलवाल्याला एक दर आणि घरगुती गिऱ्हाइकाला दुसरा, असं असेल तर ते किंमतभेदाचं गणित झालं आणि ही रीत जशीच्या तशी चालणार नाही.

दुसरं, नगसंख्या किती-कितीने बदलते ते बघा. आपल्या पत्रकात ती वीस-वीसने बदलते. पाठ्यपुस्तकातल्या सोप्या उदाहरणात ती एकेकाने वाढते, त्यामुळे तिथे नुसती वजाबाकी केली तरी सीमांत प्राप्ती बरोबर येते. ती सवय इथे नडते.

तिसरं, खर्च कुठल्या रूपात दिलाय? एकूण, सरासरी, की थेट सीमांत? सरासरी खर्च दिला असेल तर आधी त्याला नगसंख्येने गुणून एकूण खर्च काढा. सरासरी खर्चाची सीमांत प्राप्तीशी तुलना कधीच करायची नाही.

## टप्पा १: पत्रक नगसंख्येच्या चढत्या क्रमाने लावा

वरचं पत्रक किंमतीच्या चढत्या क्रमाने आहे. मागणीच्या नियमासाठी तो क्रम सोयीचा असतो, आपल्याला मात्र तो उलटा करायचाय. सीमांत म्हणजे "आणखी नग विकले तर काय होईल", तेव्हा नग वाढत गेले पाहिजेत. पत्रक न उलटवता काम करता येतं, पण मग नगांतला बदल उणे येतो. परीक्षेच्या घाईत ते उणे चिन्ह गळतं आणि सगळ्या सीमांत प्राप्त्यांची चिन्हं पालटतात.

उलटवल्यावर सर्वांत वर शून्य नगांची ओळ स्वतः घाला. शून्य जार विकले तर प्राप्ती शून्य, हे सांगायला कुणाची गरज नाही. त्या ओळीतली किंमत पत्रकात नाही, आणि ती लागतही नाही. एकूण खर्चाच्या रकान्यात मात्र तिथे शून्य लिहायचं नाही, ६०० लिहायचे. प्लांट बंद ठेवला तरी जागेचं भाडं आणि कामगाराचा पगार द्यावाच लागतो.

## टप्पा २: एकूण प्राप्ती

किंमत गुणिले नगसंख्या. ७० × २० = १४००, ६० × ४० = २४००, ५० × ६० = ३०००, ४० × ८० = ३२००, ३० × १०० = ३०००, २० × १२० = २४००.

तपासणी: सरळ रेषेच्या मागणीत एकूण प्राप्ती आधी वाढते, एका जागी टेकते आणि मग उतरते. तुमचा रकाना वर-खाली-वर असा उड्या मारत असेल तर गुणाकार पुन्हा बघा.

इथे एक मोह होतो. ३२०० हा सर्वांत मोठा आकडा दिसतो आणि हात आपोआप ८० जारांभोवती गोल करतो. तो गोल करू नका. ३२०० ही गल्ल्यात आलेली रक्कम आहे, नफा नाही. ८० जारांवर नफा किती उरतो ते टप्पा ५ मध्ये दिसेल.

## टप्पा ३: सीमांत प्राप्ती

सूत्र असं:

```
MR = (TR2 - TR1) / (Q2 - Q1)
```

म्हणजे एकूण प्राप्तीतला बदल भागिले नगांतला बदल. ४० वरून ६० जारांवर जाताना प्राप्ती २४०० वरून ३००० होते. बदल ६००, नगांतला बदल २०, म्हणून सीमांत प्राप्ती ३० रुपये. हा जारामागचा आकडा आहे.

सगळ्या टप्प्यांचे आकडे असे येतात:

| जार | एकूण प्राप्तीतला बदल | सीमांत प्राप्ती |
|---|---|---|
| ० ते २० | १४०० | ७० |
| २० ते ४० | १००० | ५० |
| ४० ते ६० | ६०० | ३० |
| ६० ते ८० | २०० | १० |
| ८० ते १०० | −२०० | −१० |
| १०० ते १२० | −६०० | −३० |

पहिल्या रकान्यात मी "६०" न लिहिता "४० ते ६०" लिहिलंय, ते मुद्दाम. सीमांत प्राप्ती एखाद्या नगसंख्येची नसते, दोन नगसंख्यांमधल्या अंतराची असते. बहुतेक नोट्समध्ये जागा वाचवायला ३० हा आकडा ६० च्या ओळीत लिहिलेला असतो. तसा लिहायला हरकत नाही, पण आलेख काढताना हीच सवय अंगाशी येते. ते टप्पा ६ मध्ये आकड्यांनिशी पाहू.

आता ५० रुपयांना जार विकला जात असताना सीमांत प्राप्ती ३०च का? उरलेले २० गेले कुठे? हे एकदा स्वतः मांडून बघा, म्हणजे पुढचे निम्मे घोळ होणारच नाहीत.

किंमत ६० वरून ५० केली. वीस नवे जार खपले, त्यांचे २० × ५० = १००० रुपये आले. पण जे ४० जार आधी साठ रुपयांना जात होते तेही आता पन्नासला द्यावे लागले, कारण सगळ्यांना दर एकच. त्यांच्यावर ४० × १० = ४०० रुपये सुटले. हाती उरले ६००. वीस जारांत वाटले की ३०. म्हणजे प्रत्येक नव्या जाराचे ५० मिळाले आणि जुन्यांवरच्या तोट्यापायी त्यातले २० गेले.

हा जुन्या जारांवरचा तोटा विक्री वाढेल तसा मोठा होत जातो. म्हणून सीमांत प्राप्ती किंमतीपेक्षा वेगाने घसरते. ८० वरून १०० वर जाताना नव्या जारांचे ६०० येतात आणि जुन्या ८० जारांवर ८०० बुडतात. सीमांत प्राप्ती उणे झाली ती यामुळे.

तपासणी १: कोणत्याही अंतरातली सीमांत प्राप्ती ही त्या अंतराच्या शेवटच्या किंमतीपेक्षा जास्त असूच शकत नाही. फक्त पहिल्या अंतरात दोन्ही सारख्या येतात (इथे ७० आणि ७०), कारण मागे जुनं गिऱ्हाईकच नसतं. तुमच्या वहीत "सीमांत प्राप्ती ६००" असा आकडा असेल आणि जार ५० रुपयांचा असेल, तर भागाकार राहिलाय.

तपासणी २: मधल्या रकान्याची बेरीज करा. १४०० + १००० + ६०० + २०० − २०० − ६०० = २४००. ही शेवटच्या ओळीतल्या एकूण प्राप्तीइतकी आलीच पाहिजे.

सावधान: किंमतींतला फरक म्हणजे सीमांत प्राप्ती नव्हे. ६० वजा ५० करून १० लिहिणारे दर वर्षी भेटतात. एकूण प्राप्तीचा रकाना ओलांडून पुढे जायला वाट नाही.

पत्रक स्प्रेडशीटमध्ये टाकत असाल आणि नग A रकान्यात, एकूण प्राप्ती C रकान्यात असेल, तर तिसऱ्या ओळीत हे लिहून खाली ओढा. नगांतली अंतरं असमान असली तरी चालतं:

```
=(C3-C2)/(A3-A2)
```

असमान अंतरांचं म्हणाल तर एक गंमत आहे. समजा नोट्समध्ये ८० ची ओळच नसती. मग ६० वरून थेट १०० वर जाताना प्राप्ती ३००० ची ३०००च राहते आणि सीमांत प्राप्ती शून्य येते. आकडा चुकलेला नाही, चाळीस जारांची सरासरी म्हणून तो बरोबर आहे. पण मधे प्राप्ती आधी २०० ने वाढून मग २०० ने उतरते, हे त्यात दडून जातं. अंतर जितकं मोठं, तितकी सीमांत प्राप्ती भोंगळ.

## टप्पा ४: सीमांत खर्च, त्याच अंतरांवर

रीत तीच. एकूण खर्चातला बदल भागिले नगांतला बदल. आणि अंतरंही तीच घ्यायची, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही.

| जार | एकूण खर्चातला बदल | सीमांत खर्च |
|---|---|---|
| ० ते २० | २५० | १२.५० |
| २० ते ४० | ३५० | १७.५० |
| ४० ते ६० | ४५० | २२.५० |
| ६० ते ८० | ५५० | २७.५० |
| ८० ते १०० | ६५० | ३२.५० |
| १०० ते १२० | ७५० | ३७.५० |

आता ती टीप. पहिल्या अंतरात ८५० मधून ६०० वजा झाले म्हणून २५० आले. शून्याच्या ओळीत खर्च शून्य धरला असता तर सीमांत खर्च ४२.५० आला असता, आणि तो पुढच्या अंतरात एकदम १७.५० वर कोसळला असता. असा कोसळणारा पहिला आकडा दिसला की स्थिर खर्च सीमांत खर्चात घुसलाय असं समजा.

सावधान: सीमांत खर्च नोट्समध्ये थेट दिलेला असेल, समजा जारामागे २० रुपये, तर तो आधीच भागलेला आहे. त्याच्यापुढे न भागलेला प्राप्तीबदल ठेवला तर ६० ते ८० या अंतरात २०० विरुद्ध २० अशी तुलना होते आणि उत्पादन ८० वर जाऊन बसतं. खरी तुलना १० विरुद्ध २० आहे. दोन्ही बाजू न भागता ठेवल्या तर उत्तर चुकत नाही. एक भागून आणि एक न भागता ठेवली की चुकतं.

## टप्पा ५: ओळीओळीने तुलना

आता वरून खाली या आणि प्रत्येक अंतरापाशी एकच प्रश्न विचारा: हे पुढचे वीस जार काढले तर येतं ते जास्त, की जातं ते?

० ते २०: ७० विरुद्ध १२.५०, काढा. २० ते ४०: ५० विरुद्ध १७.५०, काढा. ४० ते ६०: ३० विरुद्ध २२.५०, अजूनही काढा. ६० ते ८०: १० विरुद्ध २७.५०, थांबा.

पत्रकातल्या नगसंख्यांपैकी उत्तर ६० जार.

इथे अडणारे पुष्कळ असतात, कारण पत्रकात दोन्ही आकडे कुठेच समान आलेले नाहीत. "सर, समान येतच नाही, गणित चुकलंय का?" हा वर्गातला नेहमीचा प्रश्न. चुकलेलं नाही. पत्रकात नियम असा वाचायचा: सीमांत प्राप्ती सीमांत खर्चापेक्षा जास्त आहे तोवर पुढे जा, जिथे कमी होते त्याच्या आधी थांबा.

पडताळा म्हणून नफा थेट काढा. एकूण प्राप्ती वजा एकूण खर्च:

| जार | नफा (रु.) |
|---|---|
| ० | −६०० |
| २० | ५५० |
| ४० | १२०० |
| ६० | १३५० |
| ८० | १००० |
| १०० | १५० |
| १२० | −१२०० |

सर्वांत मोठा नफा ६० वर. दोन्ही रीतींचं उत्तर जुळलं नाही तर पुढे जाऊ नका, सीमांताचे रकाने पुन्हा बघा. आणि ८० जारांचं काय झालं तेही बघा. प्राप्ती सर्वांत जास्त, नफा ३५० ने कमी.

कधीकधी एखाद्या अंतरात दोन्ही आकडे अगदी समान येतात. समजा सीमांत खर्च सगळीकडे ३० रुपये असता. मग ४० ते ६० या अंतरात ३० विरुद्ध ३०. अशा वेळी ४० आणि ६० दोन्हींवर नफा सारखाच येतो. स्थिर खर्च बाजूला ठेवला तर दोन्हीकडे १२००. परीक्षेत दोन्ही लिहा, किंवा "शेवटचा नग ना नफ्याचा ना तोट्याचा" असं म्हणून मोठी संख्या लिहा. पण यातून एक खूण मिळते: खरा शेंडा त्या दोघांच्या मधे, ५० वर आहे. तिथे किंमत ५५, प्राप्ती २७५०, खर्च १५००, उरतात १२५०. पत्रकात ती ओळ नाही म्हणून ती दिसत नाही, एवढंच.

सावधान: काही पत्रकांत सीमांत खर्च आधी उतरतो आणि मग चढतो. तिथे दोन जागी समानता येऊ शकते. पहिली, जिथे खर्च उतरता असताना प्राप्तीला वरून खाली छेदतो, ती सर्वांत कमी नफ्याची जागा असते. दुसरी घ्या, जिथे सीमांत खर्च खालून वर येऊन सीमांत प्राप्तीला छेदतो.

## टप्पा ६: पत्रकाच्या मधलं नेमकं उत्तर

प्रश्नात "पत्रकावरून" एवढंच असेल तर ६० लिहून थांबायचं. आलेख किंवा समीकरण मागितलं असेल तर पुढे या.

आधी मागणी सरळ रेषेत आहे का ते तपासा. दर वीस जारांमागे किंमत सगळीकडे १० नेच उतरते, म्हणजे सरळ आहे. एका जारामागे अर्धा रुपया. २० जारांवर ७० रुपये, तर शून्यावर ८०. सीमांत प्राप्तीची रेषा किंमतीच्या अक्षाला तिथेच भेटते आणि दुप्पट उताराने खाली येते:

```
P  = 80 - 0.5Q
MR = 80 - Q
```

नोट्समध्ये मागणी बऱ्याचदा उलट्या बाजूने दिलेली असते, `Q = 160 - 2P`. हीच रेषा आहे, फक्त नग डावीकडे आहेत. यातल्या २ ची दुप्पट करून `160 - 4P` लिहिलं की सगळं हातचं गेलं. आधी P एकटा डावीकडे आणा, मगच उतार दुप्पट करा. आणि दुप्पट फक्त उताराची करायची, ८० ला हात लावायचा नाही. मागणी सरळ रेषेत नसेल तर हा दुपटीचा नियमच सोडून द्या आणि पत्रकावरच थांबा.

खर्चाचा आकडा दर वीस जारांमागे ५ ने वाढतो, म्हणजे जारामागे पाव रुपया. ० ते २० या अंतराचे १२.५० हे त्याच्या मध्यावर, १० जारांपाशी बसतात. तिथून शून्यापर्यंत मागे गेलं की १० उरतात:

```
MC = 10 + 0.25Q
80 - Q = 10 + 0.25Q
Q = 56
```

नेमकं उत्तर ५६ जार.

आता आलेख. सीमांतचे बिंदू अंतराच्या मधोमध ठेवायचे: ७० हा १० जारांवर, ५० हा ३० वर, ३० हा ५० वर, १० हा ७० वर. सीमांत खर्चाचेही तसेच. रेषा जोडल्या की त्या ५६ वर छेदतात, समीकरणाशी जुळून.

तेच बिंदू पत्रकातल्या ओळींवर, म्हणजे अंतराच्या शेवटी ठेवले तर? ३० आणि २२.५० हे ६० वर जातात, १० आणि २७.५० हे ८० वर. रेषा ६६ वर छेदतात. संपूर्ण आकृती दहा जार उजवीकडे सरकली, अंतराच्या बरोबर निम्म्याने. आकृती दिसायला छानच असते, म्हणून हे कुणाच्या लक्षात येत नाही. पण ६६ जारांवर किंमत ४७, प्राप्ती ३१०२, खर्च १८०४.५०, नफा १२९७.५०. पत्रकातल्या साध्या ६० जारांवरही यापेक्षा जास्त, १३५० मिळत होते.

तपासणी: नीट काढलेल्या आलेखात मागणीची आणि सीमांत प्राप्तीची रेषा किंमतीच्या अक्षावर एकाच जागी भेटतात, इथे ८० वर. दोन वेगळ्या जागी भेटत असतील तर बिंदू सरकलेत.

## टप्पा ७: किंमत मागणीच्या रेषेवरून

छेदबिंदू ५६ जार आणि २४ रुपयांवर आहे. २४ ही जारची किंमत नाही. ५६ वर शेवटच्या जारातून येणारी आणि त्यावर जाणारी रक्कम २४ आहे, एवढाच तिचा अर्थ. छेदबिंदूपासून खाली गेलात की नगसंख्या मिळते. किंमतीसाठी तिथूनच सरळ वर जायचं, मागणीच्या रेषेला भिडेपर्यंत, आणि मग डावीकडे वळायचं. ८० वजा २८, म्हणजे ५२ रुपये.

दुसरी चूक म्हणजे सीमांत खर्च मागणीच्या रेषेला छेदतो तो बिंदू घेणं. तो सुमारे ९३ जार आणि ३३ रुपयांवर येतो. तो पूर्ण स्पर्धेचा निकष झाला. मक्तेदाराच्या प्रश्नात तो मागितला असेल तर केवळ तुलनेसाठी.

तपासणी: मागणीची लवचिकता काढा. किंमत रुपयाने उतरली की दोन जार जास्त खपतात, म्हणून २ × ५२ ÷ ५६, साधारण १.८६. मक्तेदाराच्या उत्तरापाशी ही नेहमी एकपेक्षा जास्त आली पाहिजे, कारण सीमांत खर्च धन असेल तर सीमांत प्राप्तीही धन हवी, आणि ती लवचिकता एकच्या वर असतानाच धन असते. ८० जारांवर लवचिकता बरोबर १ आहे. त्याच्या पलीकडचं कुठलंही उत्तर आलं असेल तर ते न तपासताच खोडा.

## टप्पा ८: नफा, आणि तोटा आला तर

५६ × ५२ = २९१२ प्राप्ती. खर्चासाठी स्थिर ६०० धरा. बदलता खर्च म्हणजे सीमांत खर्चाच्या रेषेखालचं क्षेत्रफळ: सुरुवातीला १०, ५६ वर २४, सरासरी १७, गुणिले ५६ म्हणजे ९५२. एकूण खर्च १५५२. नफा १३६० रुपये. पत्रकावरून आलेल्या १३५० पेक्षा फक्त दहा रुपये जास्त, त्यामुळे पत्रकाची रीत काही वाईट नाही.

आलेखात नफ्याचा आयत दाखवताना त्याची खालची कड सरासरी खर्चावर असते, सीमांत खर्चावर नाही. इथे सरासरी खर्च १५५२ ÷ ५६, साधारण २७.७१. आयताची कड २४ वर ठेवली तर नफा ५६ × २८ = १५६८ दिसतो, म्हणजे २०८ रुपये फुगलेला.

नंतरचा प्रश्न परीक्षेत हटकून येतो: जागेचं भाडं वाढून स्थिर खर्च रोजचा २२०० झाला, तर मक्तेदार किंमत किती वाढवेल? वाढवणारच नाही. भाडं एकाही जाराच्या सीमांत खर्चात येत नाही, त्यामुळे ५६ आणि ५२ तसेच राहतात. फक्त १३६० च्या नफ्याचा २४० रुपये तोटा होतो. किंमत ६० केली तर तोटा आणखी वाढेल: ४० जार, प्राप्ती २४००, खर्च २८००, तोटा ४००.

मग प्लांट बंद करावा का? बंद केला तर रोज २२०० जातात, चालू ठेवला तर २४०. जारामागे बदलता खर्च १७ आहे आणि किंमत ५२, म्हणून अल्पकाळात चालू ठेवायचा. भाडेकरार संपून तो खर्च टाळता येईल तेव्हा निर्णय बदलेल, कारण मग २२०० ची तुलनाच राहत नाही, आणि २४० तोट्यापेक्षा शून्य बरं.

उत्तर लिहिताना तीन आकडे एककांसह द्या: रोज ५६ जार, जारामागे ५२ रुपये, रोजचा नफा १३६० रुपये. उत्तर फक्त पत्रकावरून मागितलं असेल तर ६०, ५० आणि १३५०. एका संचातली नगसंख्या आणि दुसऱ्यातली किंमत घेऊन "५६ जार, ५० रुपये" लिहिलंत, तर तो बिंदू मागणीच्या रेषेवरच नाही.